सुखात ठेवीन म्हणजे काय करीन?

मराठीत नवऱ्याने बायकोला 'ठेवावयाचे' असते. सुखात ठेवीन, आनंदात ठेवीन, फुलासारखी जपून ठेवीन. हे क्रियापद आपण लोणच्याच्या बरणीलाही लावतो, बँकेतल्या पैशालाही लावतो आणि आणखी एका अर्थाने कुठे लावतो ते दिवाळी अंकात लिहावयास नको. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा शब्दांच्या अशा खोड्या काढणे हा माझा धंदाच आहे. पण या वैशाखात ओझरला आमच्या भाचीचे लग्न झाले, आणि या 'ठेवीन'ला बाहेर काढून त्या जागी दुसरे काही बसविण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. ते दिसते तितके सोपे नव्हते.

भाची म्हणजे माझ्या चुलतबहिणीची मुलगी. नारायणगावच्या एका दवाखान्यात नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस तिची रात्रपाळी असते. जावई ओझरचे शेतकरी. येडगाव धरणाचे पाणी जिथवर येते त्या अंगाला त्यांची द्राक्षबाग आहे, टोमॅटो आहे, थोडा ऊस आहे. दोघांनी कुठल्याशा मित्राच्या लग्नात नवरानवरीला कागद काढून एकमेकांना वचने देताना पाहिले होते. ते त्यांच्या मनात भरले. साखरपुडा झाल्यावर भाचीचा फोन आला, "मावशी, तू मराठीची, आम्हांला चार चांगली वाक्ये लिहून दे."

मी म्हटले, "वाक्ये मी लिहिली तर ती वचने माझी होतील, आणि मला काही तुमच्या जावईबुवांशी संसार करावयाचा नाही. तुम्ही लिहा, मी शुद्धलेखन तपासते."

ही पद्धत साहेबाकडून आली असे पुष्कळांना वाटते. आमच्या बहिणीच्या दिरांनीही हेच ऐकविले, "ही सिनेमातली थेरं ओझरात कशाला?" मी त्यांना नम्रपणे सांगितले की, ही थेरे याच जिल्ह्यातली आहेत. जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो १८७३ च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या रीतीने पहिले लग्न लागले. त्या विधीसाठी जोतीरावांनी मंगलाष्टके स्वतः मराठीत रचली, आणि त्यांतली खुबी अशी की, ती भटजीने म्हणावयाची नसून नवरानवरीनेच एकमेकांना म्हणावयाची आहेत. नवरी बोलते, स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तो हक्क देण्याची शपथ घ्या असे मागते, आणि नवरा तशी शपथ घेतो. ओझरहून फार दूर नसलेल्या ओतूर गावी बाळाजी कुसाजी पाटलांनी घरची लग्ने जोशीबुवांना न बोलावता लावली. वतनदार जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला. तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पाटलांच्या बाजूने सुटला. जुन्नर तालुक्याला आपल्या लग्नात आपण बोलण्याची सवय अशी जुनी आहे. दिर गप्प बसले. पटले म्हणून की ओतूरच्या पाटलांचे नाव निघाले म्हणून, ते सांगता येत नाही.

आता पहिला मसुदा. जावयांनी पाठविलेल्या कागदावर चार ओळी होत्या. मी तुला आयुष्यभर सुखात ठेवीन. तुझ्या स्वप्नांना पंख देईन. तुझा सन्मान करीन. संकटात तुझी सावली होईन. भाचीचा कागदही त्याच वळणाचा, फक्त तिने सावलीऐवजी 'ज्योत' लिहिले होते. दोन्ही कागद त्यांनी कुठून उतरविले असतील ते सांगावयास नको. मी कागदाच्या समासात शिक्षकी लाल शाईने एकच प्रश्न लिहिला आणि परत धाडला: येत्या मंगळवारी संध्याकाळी हे पाळले की नाही, हे दुसऱ्याला कशावरून कळेल?

पंखांचे तर कळणे शक्यच नव्हते. मंगळवारी संध्याकाळी सावली झाला होतात का, या प्रश्नाला उत्तर नाही. आणि ज्या वचनाचे पाळणे दिसत नाही, त्याचे मोडणेही दिसत नाही. त्यामुळे ते देताना जीव अडखळत नाही. मला दोघांचा जीव थोडासा अडखळायला हवा होता.

मग मी त्यांना निराळा अभ्यास दिला. दोघांनी वेगवेगळे बसावयाचे. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतचा लग्नानंतरचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावयाचा आणि त्यात आपल्याला भीती कशाची वाटते तेवढे लिहावयाचे. शिवाय साखरपुड्यापासून आजपर्यंत आपण खरोखर कशावरून भांडलो तेही. अलंकार नकोत. आठवड्याने कागद आले तेव्हा मात्र ते वाचण्यासारखे होते.

भाचीने पहिलीच गोष्ट लिहिली होती ती बिबट्याची. वाचकहो, हसू नका. जुन्नरच्या उसाला आता बिबट्या हा कायमचा खंडकरी आहे. मादी उसात पिले घालते, ऊस दाट असतो तोवर तिथेच राहते, तोड सुरू झाली की बिचारी आणि तिची पिले वस्त्यांच्या आसपास येतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून काय ते समजा. आणि शेतीच्या पंपाची वीज यांच्या भागात पाळीपाळीने येते, त्यात काही दिवस रात्रीचे. म्हणजे थंडीच्या रात्री दीड वाजता गडी एकटा बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणार. जावयांना फोन घरी ठेवून जाण्याची खोड, कारण तो चिखलात पडतो. भाची रात्रपाळीवर असली तर तिकडे दवाखान्यात तिचा जीव टांगणीला. यावरून त्यांची दोन भांडणे झाली होती.

जावयांच्या कागदात शेवटी, बारीक अक्षरात, एक गोष्ट होती. त्यांच्या वडिलांनी एका वर्षी टोमॅटोचा भाव पडला तेव्हा सोसायटीशिवाय बाहेरचे कर्ज काढले, आणि आईला सांगितले नाही. आईला ते कळले वसुलीचा माणूस ओट्यावर येऊन बसला तेव्हा. त्यांनी लिहिले होते, "आई नंतर दोन वर्षे बाबांशी नीट बोलली नाही. पैशासाठी नाही, न सांगितल्यासाठी. मला भीती वाटते की मीही सांगणार नाही."

हे वाचून मी लाल पेन बाजूला ठेवले.

या दोन भीतींतून दोन वाक्ये निघाली. पहिले: रात्री पाण्यावर जाताना फोन आणि बॅटरी बरोबर नेईन, उसाच्या कडेने एकटा जाणार नाही, आणि परत आल्यावर, कितीही वाजले तरी, एक मिस्ड कॉल देईन. दुसरे: कुणाकडून उसने घेतले किंवा कुणाला जामीन राहिलो, तर त्याच आठवड्यात सांगेन. ही वाक्ये 'सावली होईन'शी ताडून पाहा. यात सावली आहेच, पण तिला वेळ आहे, जागा आहे, आणि मंगळवारी संध्याकाळी विचारता येते.

आणखी काही वाक्ये आली ती मी काढावयास लावली. जावयांनी लिहिले होते, "माझी आई तुला लेकीसारखे वागवील." दुसऱ्याच्या वतीने वचन देता येत नाही, आई आपले वचन आपण देईल किंवा देणार नाही. याच्या पोटात खरे काय आहे ते शोधले तेव्हा कळले की, घरात सासूसुनेचे काही खटकले तर जावई मळ्यात निघून जातील अशी भाचीला धास्ती होती. मग वाक्य असे झाले: आईचे आणि हिचे काही बिनसले, तर त्या दिवशी मळ्यात पळणार नाही, जेवायला घरी येईन. तंटा मिटवीन असे मी त्यांना लिहू दिले नाही. असला तंटा कुणाच्याने मिटतो?

काही वाक्ये वरून वचन आणि आतून मागणी अशी असतात. भाचीने लिहिले, "तुम्ही वेळेवर घरी आलात तर मी गरम भाकरी करीन." हा करार झाला. 'तर' आले की वाक्याचा अर्धा भार दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. त्याच्या उलट 'कधीही' आणि 'नेहमी' हेही दगाबाज शब्द. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी झाली की पुढचे काही आठवडे बागाईतदार माणसांत नसतो. रात्री ढग आला तर पहाटे औषध मारावे लागते. अशा माणसाने "मी नेहमी तुझ्याशी रोज तासभर बोलेन" म्हटले, तर ते वचन दिवाळीलाच फुटणार. आम्ही त्याला छाटणीचा हंगाम उघडपणे वगळायला लावला: छाटणीचे दिवस सोडून रात्रीचे जेवण टीव्ही आणि फोन बंद करून बरोबर करीन. भाचीलाही रात्रपाळी असल्यामुळे तिच्या बाजूने 'पाळी नसेल तेव्हा' आले. अशी सवलत लिहून ठेवली म्हणजे वचन लहान होते, हे खरे. पण फुटत नाही.

मग एक मोठीच अडचण आली, आणि ती शुद्ध मराठी व्याकरणाची होती. इंग्रजीत नवरानवरी एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलतात. आपल्याकडे फोनवर दोघे 'तू', आजीसमोर ती 'अहो' आणि ते 'अगं'. माइकवर काय म्हणावयाचे? तिने 'तू' म्हटले तर वचने कुणी ऐकणारच नाही, पुढचे सहा महिने त्या 'तू'चीच चर्चा होईल. तिने 'तुम्ही' आणि त्यांनी 'तू' म्हटले, तर बरोबरीच्या वचनांची पहिल्याच शब्दात वाट लागली. तृतीयपुरुषी जावे तर ती 'यांना' म्हणणार आणि ते 'हिला'. तिथेही तेच.

इथे मराठीनेच हात दिला. आपल्या भाषेत कर्ता आणि कर्म दोन्ही गिळून वाक्य उभे राहते. 'पाण्यावर जाताना फोन नेईन' यात ना मी आहे, ना तू. ठोस वाक्याला सर्वनाम लागतच नाही. ते लागते 'तुला सुखात ठेवीन'ला, कारण त्यात दुसरे काहीच नसते. आमच्या बहुतेक ओळी अशाने सुटल्या. जिथे 'कुणाला' हे सांगणे भाग होते तिथे दोघांनी एकमेकांचे सरळ नाव घ्यावयाचे ठरविले, आणि 'हिचे'च्या जागीही तिचे नाव आले. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, यमक जुळवून. इथे ते नाव साध्या वाक्यात येणार होते. उखाण्याची मला या कामी फार आठवण होत होती. जुने उखाणे ऐका, त्यांत मोठे तत्त्वज्ञान नसते. चांदीचे ताट, रुखवतातला चिवडा, दारातली तुळस, असल्या घरगुती वस्तूच असतात. घरगुती बोलण्याची जागा आपल्या लग्नात आधीपासून मोकळी होती.

एक ओळ आम्ही मुद्दाम वाचावयाच्या कागदातून काढली. माझी बहीण विधवा आहे, एकटी राहते. भाची पगारातून तिला दरमहा सहा हजार रुपये देते आणि लग्नानंतरही देणार होती. जावयांना हे मान्य होते. "दरमहा आईला सहा हजार जातील, त्याचा हिशेब मागणार नाही," अशी ओळ त्यांनी आनंदाने लिहिली होती. ती पाचशे पाहुण्यांपुढे वाचली असती, तर माझ्या बहिणीला मांडवात मान वर करता आली नसती. सार्वजनिक वचनात तिसऱ्या माणसाची अब्रू गुंतली असेल तर ते सार्वजनिक करू नये. ती ओळ दुसऱ्या, घरात ठेवावयाच्या कागदावर गेली. मात्र मी जावयांना एक अट घातली: सासूसासऱ्यांना हे लग्नाआधी सांगावयाचे. ते लपवून ठेवले असते तर वडिलांच्या कर्जाचीच गोष्ट पुन्हा सुरू झाली असती. त्यांनी सांगितले. विहीणबाई तासभर घुश्शात होत्या, मग म्हणाल्या, "मला आधी सांगितलंस ना, मग झालं." ज्या बाईने वसुलीचा माणूस ओट्यावर पाहिला आहे, तिचे हे बोलणे मला फार मोलाचे वाटले.

कायद्याचे एक सांगितले पाहिजे, कारण वधूपित्यांच्या जागी उभ्या असलेल्या मामांनी ते विचारले होते. अशी वचने वाचली म्हणून लग्न लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधीने लागावे लागते, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की लग्न पुरे होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी लग्न करणाऱ्यांनाही अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, मी तुला पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो, अशा अर्थाचे ठराविक वाक्य बोलावेच लागते. तिथे स्वतःची वचने आधी किंवा नंतर वाचावीत, त्या वाक्याच्या जागी नव्हे. तामिळनाडूत मात्र १९६७ च्या दुरुस्तीने वधूवरांनी समजत्या भाषेत एकमेकांना स्वीकारले आणि हार, अंगठी किंवा ताली घातली की लग्न कायदेशीर ठरते. तशी सोय आपल्याकडे नाही. म्हणून आमच्या ओझरकरांनी सप्तपदी ठेवली. आणि खरे सांगू? ती सात पावले नीट ऐकली तर तीही फार हवेतली नाहीत. पहिले पाऊल अन्नाचे आहे, मग बळाचे, धनाचे, सुखाचे, संततीचे, ऋतूंचे, आणि शेवटचे सख्याचे. आधी जेवण आणि शेवटी मैत्री, हा क्रम लावणाराही संसारी माणूसच असला पाहिजे.

राहिला प्रश्न वाचावयाचे केव्हा. यावर आम्ही सगळ्यांत जास्त डोके खाजविले. आमच्याकडच्या लग्नात शेवटची अक्षता पडली रे पडली की मांडव पंगतीकडे धावतो. सप्तपदीच्या वेळी नवरानवरी, भटजी, फोटोग्राफर आणि दोन म्हाताऱ्या एवढेच उरतात. नंतर वाचले तर खुर्च्यांना ऐकू जाईल. म्हणून अंतरपाट धरण्याआधीची वेळ घेतली. लोकांच्या हातांत अक्षता वाटून झालेल्या असतात; मूठ मिटलेला माणूस उठून जात नाही. पण मुहूर्त डोक्यावर, नवरदेवाची मिरवणूक विघ्नहराचे दर्शन घेऊन येणार, तिला उशीर ठरलेला. म्हणून प्रत्येकाला एकच मिनिट. सावकाश वाचले तर मिनिटात शंभरेक शब्द होतात. पाच वचने, तीही आखूड, यापेक्षा जास्त मावत नाहीत. कागद फोनवर नको, मोठ्या अक्षरांत हाताने लिहिलेला हवा, आणि त्याची एक प्रत माझ्या पिशवीत. बँडवाल्यांना आधी चहाला पाठवावयाचे.

तरीही जावयांचा आवाज पहिल्या ओळीला फुटेना. उसने घेतल्याचे वाक्य आले तेव्हा त्यांनी वडिलांकडे पाहिले नाही, पण वडील मात्र त्यांच्याकडे पाहत होते. मांडवात कुणाला त्याचा अर्थ कळला नाही, ज्यांना कळावयाचा त्यांना कळला. बिबट्याच्या ओळीला हशा झाला आणि मागून कुणीतरी ओरडले, "खरं बोलतोय!" भाचीने तिची पाच वचने वाचली. रात्रपाळीहून आल्यावर झोपण्यापूर्वी दवाखान्यातले दुःख घरात ओतणार नाही, पण विचारले तर सांगेन, रागावले तर माहेरी निघून न जाता आधी एक रात्र थांबेन, अशी. तिने नवऱ्याचे नाव सरळ घेतले तेव्हा जावयांच्या आजी शेजारी बसलेल्या मला म्हणाल्या, "आमच्या वक्ताला असं कुणी इचारलं असतं, तर म्या येकच मागितलं असतं. जेवाया बसल्यावर हाक मारू नका."

पंचावन्न वर्षांच्या संसारातली मागणी एवढीच. मी ती घरी आल्यावर जावयांना सांगितली. ते काही बोलले नाहीत.

कागद आता त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, विजेच्या पाळीच्या तक्त्याशेजारी. दर पाडव्याला काढून वाचावयाचा, जे जमत नसेल ते दोघांच्या संमतीने बदलावयाचे, असे ठरले आहे. माझी सूचना होती की बदललेली ओळ खोडावी पण वाचता येईल अशी खोडावी. गेल्या महिन्यात भाची येऊन गेली. जेवणाचे वचन पाच-सहा वेळा मोडले, एकदा तिच्याकडून. मिस्ड कॉल मात्र एकदाही चुकला नाही, एका रात्री तर पावणेचारला आला आणि वॉर्डातल्या पेशंटची झोप मोडली. आता त्यांच्या पंपाला सौर वीज यावयाची आहे, मग रात्री पाण्यावर जाणे उरणार नाही आणि ती ओळ रिकामी पडेल. त्या जागी काय लिहावे म्हणून तिने मला विचारले. मी म्हटले, मला विचारू नका. ती म्हणाली, "त्यांना आजीची ओळ घालायची आहे. पण मग हाक मारायची कुणी, आणि पाणी आणायचं कुणी, ते अजून ठरत नाही. टोमॅटोचा तोडा संपला की बसू म्हणालेत."